सबनेट सार्वजनिक कशामुळे होतं?

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नवं सबनेट तयार करायचा फॉर्म छोटाच असतो. कुठल्या व्हीपीसीत, कुठल्या झोनमध्ये आणि पत्त्यांचा कुठला पट्टा हवा, एवढंच तो विचारतो. ‘सार्वजनिक की खासगी’ असा रकाना त्यात कुठेही नाही. तरीही या क्षेत्रातली माणसं दिवसभर ‘पब्लिक सबनेट’ आणि ‘प्रायव्हेट सबनेट’ असंच बोलत असतात, आणि नव्याने शिकणारा ते बटण शोधत बसतो. ते सापडत नाही, कारण हा फरक सबनेटमध्ये नसून त्याला जोडलेल्या राउट टेबलातल्या एका ओळीत असतो. ती ओळ नीट कळली की क्लाउडमधल्या नेटवर्कचा बराचसा गुंता सुटतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, नाटकांची तिकिटं विकणारं एक संकेतस्थळ एडब्ल्यूएसच्या मुंबई विभागात उभं करायचं आहे. त्यासाठी दोन सर्व्हर लागतील. एक वेब सर्व्हर, ज्याच्यापर्यंत कुठल्याही प्रेक्षकाचा मोबाइल पोचला पाहिजे. दुसरा डेटाबेस सर्व्हर, ज्यात प्रेक्षकांचे फोन नंबर आणि पैशांचे व्यवहार आहेत. त्याच्यापर्यंत वेब सर्व्हरखेरीज कुणीही पोचता कामा नये.

सुरुवात व्हीपीसीपासून, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउडपासून. २००६ साली अ‍ॅमेझॉनने भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्या ग्राहकांचे सर्व्हर एकाच मोठ्या सामायिक नेटवर्कवर असत. २००९मध्ये व्हीपीसी आलं आणि प्रत्येक ग्राहकाला आपलं वेगळं, कुंपण घातलेलं नेटवर्क आखता येऊ लागलं. जुनी सामायिक पद्धत २०२३मध्ये पूर्ण बंद झाली, त्यामुळे आज तिथला प्रत्येक सर्व्हर कुठल्या ना कुठल्या व्हीपीसीतच असतो.

व्हीपीसी तयार करताना पत्त्यांचा एक पट्टा ठरवावा लागतो. आपण `10.20.0.0/16` घेऊ. पत्त्यात एकूण ३२ बिट असतात. `/16` म्हणजे त्यातले पहिले १६ पक्के. म्हणून आपल्या नेटवर्कमधला प्रत्येक पत्ता `10.20` नेच सुरू होईल आणि उरलेल्या १६ बिटांत ६५,५३६ पत्ते मिळतील. `10` ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगातल्या हजारो कंपन्या ते आपापल्या आत एकाच वेळी वापरतात. ऑफिसच्या इंटरकॉमसारखंच हे आहे. २०४ फिरवलं की शेजारच्या खोलीतला फोन वाजतो. दुसऱ्या ऑफिसातही २०४ असतो, पण बाहेरून कुणी नुसता २०४ फिरवला तर फोन कुठेच लागत नाही.

या मोठ्या पट्ट्याचे तुकडे म्हणजे सबनेट. वेब सर्व्हरसाठी `10.20.1.0/24` आणि डेटाबेससाठी `10.20.11.0/24` असे दोन तुकडे पाडू. `/24` मध्ये २५६ पत्ते असतात, पण एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा एक स्वतःकडे ठेवतं, म्हणून वापरायला २५१ मिळतात. एडब्ल्यूएसवर एक सबनेट एकाच झोनमध्ये, म्हणजे वीज आणि जोडण्या स्वतंत्र असलेल्या एकाच केंद्रसमूहात राहतं. खऱ्या कामात म्हणूनच प्रत्येक तुकडा निदान दोन झोनमध्ये करतात. एक झोन बंद पडला तर दुसरा चालतो. इथे आपण एकावरच थांबू.

आता राउट टेबल. सर्व्हरकडून निघालेलं प्रत्येक पॅकेट सबनेटबाहेर कुठे जायचं हे या टेबलावरून ठरतं. डाव्या बाजूला ‘कुठे जायचं आहे’ आणि उजव्या बाजूला ‘कुणाकडे द्यायचं’, एवढंच त्यात असतं. वेब सर्व्हरच्या सबनेटचं टेबल असं दिसतं:

```
10.20.0.0/16    local
0.0.0.0/0       igw-0a1b2c3d
```

पहिली ओळ एडब्ल्यूएस स्वतः टाकतं आणि ती काढून टाकता येत नाही. व्हीपीसीतल्या कुठल्याही पत्त्यावर जायचं असेल तर आतल्या आत पोचवा, असा तिचा अर्थ. दुसऱ्या ओळीतला `0.0.0.0/0` म्हणजे उरलेलं सगळं जग, आणि `igw` म्हणजे इंटरनेट गेटवे. वेब सर्व्हर `10.20.11.8` या डेटाबेसकडे पॅकेट पाठवतो तेव्हा खरं तर दोन्ही ओळी लागू होतात, कारण सगळ्या जगात तो पत्ताही आलाच. अशा वेळी जी ओळ अधिक नेमकी, म्हणजे `/` नंतरचा आकडा जिचा मोठा, ती जिंकते. १६ हा शून्यापेक्षा मोठा, म्हणून पॅकेट आतच राहतं.

ही दुसरी ओळ म्हणजेच सुरुवातीला सांगितलेली ओळ. ज्या सबनेटच्या टेबलात `0.0.0.0/0` इंटरनेट गेटवेकडे जातं, ते सार्वजनिक. ज्याच्यात जात नाही, ते खासगी. यापलीकडे वेगळी व्याख्या नाही.

मात्र ओळ असली म्हणजे सर्व्हर लगेच इंटरनेटवर आला असं होत नाही. गेटवे त्या व्हीपीसीला जोडलेला हवा आणि सर्व्हरकडे सार्वजनिक पत्ताही हवा. गंमत अशी की सर्व्हरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता माहीतच नसतो. वेब सर्व्हरवर जाऊन `ip addr` ही आज्ञा दिली तर `10.20.1.15` असा खासगी पत्ताच दिसतो. पॅकेट बाहेर पडताना गेटवे हा पत्ता बदलून सार्वजनिक लावतो आणि उत्तर येताना पुन्हा उलट बदलतो. सर्व्हरवर सार्वजनिक पत्ता दिसत नाही म्हणून काहीतरी बिघडलंय असं समजू नये. याशिवाय प्रत्येक सर्व्हरला सिक्युरिटी ग्रुप नावाचा पहारा असतो. आपल्या वेब सर्व्हरसाठी त्यात ४४३ हे पोर्ट उघडलेलं असलं पाहिजे.

डेटाबेसच्या सबनेटला आपण वेगळं टेबल जोडू आणि त्यात फक्त `local` ची ओळ ठेवू. वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकमेकांशी बोलू शकतात, बाहेरून मात्र कुणालाही वाट नाही. हवं तसंच झालं. पण महिन्याभराने डेटाबेस सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट घ्यायची वेळ येते. कुणीतरी `sudo apt update` टाइप करतं आणि स्क्रीन तिथेच अडकते. तपासायला म्हणून `nslookup ubuntu.com` केलं तर पत्ता लगेच मिळतो! इथे भल्याभल्यांची फसगत होते: नाव सापडतंय, म्हणजे इंटरनेट चालू आहे, असा समज होतो. नावाचा पत्ता सांगणारा अ‍ॅमेझॉनचा सर्व्हर आपल्या व्हीपीसीतच `10.20.0.2` वर असतो, त्यामुळे तिथवर `local` च्या ओळीने जाता येतं. त्यानंतरचं खरं पॅकेट बाहेर जाऊ बघतं, त्याला लागू पडणारी ओळ टेबलात सापडत नाही आणि ते तिथेच संपतं.

उत्तर कसं येतं हेही पाहावं. `Connection refused` आलं तर बहुतेक वेळा पॅकेट पोचलेलं असतं, पण पलीकडे ती सेवा चालू नसते. नुसतं थांबून राहून शेवटी `Connection timed out` आलं, तर पॅकेट वाटेत हरवलं आहे. मग राउट टेबल आणि सिक्युरिटी ग्रुप उघडून बघायचे.

अडकलेला माणस घाईने डेटाबेसच्या टेबलातही `igw` ची ओळ टाकतो. काहीच फरक पडत नाही, कारण सर्व्हरकडे सार्वजनिक पत्ता नाही. मग तो पत्ताही देतो, आणि अपडेट चालू होतं. काम झाल्याच्या आनंदात एक गोष्ट लक्षात येत नाही: प्रेक्षकांच्या फोन नंबरांचा सर्व्हर आता सार्वजनिक सबनेटमध्ये आहे आणि त्याच्यापुढे फक्त सिक्युरिटी ग्रुपचा पहारा उरला आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत धोकादायक चूक हीच, कारण ती केल्यावर सगळं व्यवस्थित चालतं.

योग्य उपाय आहे नॅट गेटवे. आतल्या सर्व्हरने बाहेर विचारणा केली तर तो ती स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावरून करतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो; बाहेरून कुणी आपणहून आत यायला बघितलं तर येऊ देत नाही. डेटाबेसचं टेबल मग असं होतं:

```
10.20.0.0/16    local
0.0.0.0/0       nat-0d4e5f6a
```

या ओळीमुळे सबनेट सार्वजनिक होत नाही, ते खासगीच राहतं. पण नॅट गेटवे स्वतः कुठे ठेवायचा? नाव डेटाबेसच्या कामाचं, म्हणून पुष्कळ जण तो डेटाबेसच्याच सबनेटमध्ये ठेवतात. स्क्रीनवर `Available` असं दिसतं आणि तरीही एक पॅकेट बाहेर जात नाही. कारण नॅट गेटवेलाही आपल्या सबनेटचंच टेबल लागू होतं, आणि त्या टेबलात बाहेरची वाट पुन्हा त्याच्याकडेच येते. तो वेब सर्व्हरच्या सबनेटमध्ये, म्हणजे सार्वजनिक सबनेटमध्येच हवा, सोबत एक इलास्टिक आयपी घेऊन. मग डेटाबेसचं पॅकेट एका टेबलाने नॅट गेटवेपर्यंत आणि दुसऱ्या टेबलाने इंटरनेट गेटवेपर्यंत जातं.

आणखी एक जागा जरूर पाहावी. नव्या सबनेटला आपण टेबल जोडलं नाही, तर त्याला व्हीपीसीचं मुख्य टेबल आपोआप लागू होतं. त्या मुख्य टेबलात कुणी `igw` ची ओळ टाकून ठेवली असेल, तर यापुढचं प्रत्येक विसरलेलं सबनेट सार्वजनिक निघेल. म्हणून मुख्य टेबलात `local` शिवाय काही ठेवू नये आणि बाहेरची वाट फक्त मुद्दाम जोडलेल्या टेबलातच द्यावी.

पत्त्यांचा पट्टा निवडतानाही थोडा विचार करावा. पुढे हे व्हीपीसी दुसऱ्या व्हीपीसीला जोडायचं झालं आणि दोघांचे पट्टे एकमेकांवर येत असले, तर पीअरिंगची जोडणी होत नाही. आणि सुरुवातीला दिलेला मुख्य पट्टा नंतर बदलता येत नाही. गुगलच्या क्लाउडवर सबनेट एका झोनपुरतं नसून पूर्ण विभागभर पसरतं, एवढा फरक तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

हे सगळं स्वतः करून बघायचं असेल तर व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल आणि इंटरनेट गेटवे तयार करायला पैसे पडत नाहीत. नॅट गेटवेचे मात्र, एकही पॅकेट गेलं नाही तरी, तासाप्रमाणे पडतात, आणि फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचेही तासाला ०.००५ डॉलर लागतात. सराव संपला की आधी नॅट गेटवे काढून टाका आणि मग इलास्टिक आयपी परत करा; गेटवे काढला म्हणून तो आपोआप परत जात नाही.