तेरा, चौदा, पंधरा

स्पर्धा परीक्षांच्या सराव-पुस्तकात भूमितीचा धडा उघडला की १३, १४ आणि १५ बाजूंचा त्रिकोण हमखास भेटतो. हा त्रिकोण फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त तोच आहे: पाया १४, बाकीच्या भुजा १३ आणि १५, लंब आणि क्षेत्रफळ काढा. त्याच्याही आधी, पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने फक्त तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची रीत सिद्धतेसह लिहून ठेवली होती.

रीत अशी. तिन्ही बाजूंची बेरीज ४२, तिची निम्मी २१. ही अर्धपरिमिती. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७ आणि ६ उरतात. या चारही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ.

√(२१ × ८ × ७ × ६)

इथे बरेच विद्यार्थी गुणाकार करून ७०५६ पर्यंत जातात आणि मग वर्गमूळ शोधत बसतात. गुणाकार करूच नये, अवयव पाडावेत. २१ म्हणजे ३ × ७ आणि ६ म्हणजे २ × ३. त्यामुळे दोन सात, दोन तीन आणि चार दोन मिळतात. प्रत्येक जोडीतला एक बाहेर काढला की ७ × ३ × ४, म्हणजे ८४. वजाबाकीत एखादी संख्या शून्य किंवा ऋण आली, तर तसा त्रिकोण काढताच येत नाही. ५, ६ आणि १२ घेऊन पाहा: अर्धपरिमिती ११.५, म्हणजे १२ पेक्षा कमी.

पण परीक्षेत नुसते ८४ कोणी विचारत नाही. आकृतीत त्रिकोण अबक असतो: अब १३, बक १४, कअ १५. आत तिन्ही बाजूंना स्पर्श करणारे वर्तुळ असते आणि त्याच्या केंद्रातून पायाला समांतर रेषा पफ काढलेली असते; प हा अब वर, फ हा अक वर. या रेषेखालच्या चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतात.

पाया १४ आणि क्षेत्रफळ ८४, म्हणून उंची १२. क्षेत्रफळाला अर्धपरिमितीने भागले की अंतर्वर्तुळाची त्रिज्या मिळते: ८४ ÷ २१, म्हणजे ४. म्हणून रेषा पायापासून ४ वर आणि शिरोबिंदूपासून ८ खाली आहे. पफ समांतर असल्याने वरचा छोटा त्रिकोण मोठ्याशी समरूप आहे, आणि त्यांच्या उंचींचे गुणोत्तर ८ : १२, म्हणजे २ : ३.

सर्वाधिक गुण जातात ते याच ठिकाणी. घाईत ८४ चे दोन तृतीयांश ५६ घेतले, की खाली २८ उरतात, आणि पर्यायांत २८ वाट पाहत असतेच. पण छोट्या त्रिकोणात पाया आणि उंची दोन्ही त्याच प्रमाणात आकसतात, म्हणून क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४ : ९. वरचा भाग ३७⅓, खालचा ४६⅔. पडताळाही सोपा आहे. पफ ची लांबी १४ चे दोन तृतीयांश, ९⅓. समलंब चौकोनाच्या समांतर बाजूंची सरासरी ११⅔, उंची ४, गुणाकार ४६⅔.

दुसरा सापळा आकृतीतच असतो. पफ दिसते समांतर, पण तसे लिहिलेले नसते. त्याऐवजी कोन अपफ हा कोन क एवढा आहे असे दिलेले असते. शिरोबिंदूचा कोन सामाईक, म्हणून त्रिकोण समरूपच. पण आता प ची जोडी ब शी नसून क शी आहे. समजा अप = ७.५. हिची संगत बाजू अक, म्हणजे १५. गुणोत्तर निम्मे. मग अफ ही अब च्या निम्मी, ६.५, पफ ७, आणि छोट्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ८४ चा चौथा भाग, २१. डोळ्यांना पटले म्हणून ७.५ ला १३ ने भागणारा चुकलाच. म्हणून गुणोत्तर मांडण्याआधी समान कोनांच्या क्रमाने दोन्ही त्रिकोणांची नावे लिहावीत: अपफ आणि अकब. मग संगत बाजू आपोआप समोर येतात.

आता पहिल्या आकृतीतल्या २ : ३ कडे पुन्हा बघू. त्रिज्या आणि उंची यांचे गुणोत्तर म्हणजे पाया भागिले परिमिती. क्षेत्रफळ त्यातून उडून जाते. १४ ही १३ आणि १५ यांची सरासरी आहे, म्हणून परिमिती पायाच्या बरोबर तिप्पट. पाया असा इतर दोन बाजूंची सरासरी असला, की केंद्रातून जाणारी समांतर रेषा दर वेळी क्षेत्रफळाचे ४ : ५ असेच भाग करते. बाजू ५१, ५२, ५३ घ्या, पाया ५२ धरा आणि करून बघा. क्षेत्रफळ ११७० आणि रेषेखालचा भाग ६५० यायला हवा.