पोती जुळली, किलो जुळेनात

सकाळी ८.३०
निपाणीतली तंबाखूची वखार. तारीख १ एप्रिल. काल ३१ मार्चला दिवसभर साठ्याची मोजणी झाली. आज ती मोजणी वहीशी ताडून बघायची आणि जिथं जुळत नाही तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून साहेबांपुढं ठेवायच्या. साहेब म्हणजे वखारीचे मुख्य. उद्या दुपारी बेळगावहून ऑडिटर येणार आहेत, त्यामुळं यादी आजच हवी.

यादी करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. बी.कॉम., पगार १६,००० रुपये, नाकावर ओढणी. दारातून आत पाऊल टाकलं की जर्द्याचा वास घशात बसतो. नवखा माणूस पाच मिनिटांत शिंकायला लागतो. ताईंना आता काही होत नाही. टेबलावरची धूळ मात्र त्या रोज दोनदा पुसतात.

बसायच्या आधी त्या प्लॅटफॉर्म काट्याकडं जातात. २० किलोचं लोखंडी माप ठेवून बघतात. काटा २० दाखवतो. काल मोजणीच्या आधीही हेच केलं होतं, कागदावर वेळ टाकून. काट्यावरच शंका असली तर पुढचं सगळं फुकट.

सकाळी ९.१५
मोजणीचे कागद समोर. ओळ अशी: थप्पी, लॉट, पोती, किलो आणि शेवटी दोन सह्या. हमाल कन्नडमध्ये मोजतात, ओंदु, एरडु, मूरु. लिहिणारा मराठीत लिहितो. पोती एकेक मोजलेली असतात. वजन मात्र प्रत्येक पोत्याचं होत नाही. थप्पीतल्या १० पोत्यांचं करून सरासरी लावतात. यादीतला एखादा फरक खरा किती आणि अंदाजाचा किती, हे त्या १० पोत्यांवर ठरतं. म्हणून पोती वरच्या थराची होती की मधली, हेही ताईंनी बाजूला लिहून घेतलंय. पत्र्याखालचा वरचा थर जास्त तापतो, जास्त वाळतो.

सकाळी १०.००
टॅलीमधलं `Stock Summary` ३१ मार्चच्या तारखेनं काढून एक्सेलमध्ये घेतलं. त्याची छापील प्रतही फाइलला लावली. मोजणीचे आकडे टॅलीत चढवले की वहीतला साठा मोजणीइतका होऊन बसतो आणि फरक डोळ्यांपुढून जातो. ताईंचा नियम साधा आहे: आधी छापायचं, मग हात लावायचा.

पहिल्या ताळ्यात ४६ लॉटपैकी १४ जुळत नाहीत. त्यांतल्या ६ लॉटचा माल जागेवर आहे, फक्त नाव वेगळं लिहिलंय. कुठं मधे रेघ, कुठं मोकळी जागा. ती नावं सारखी केली. उरले ८.

सूत्र एवढंच:

```
=SUMIFS(Count!D:D,Count!B:B,A2)-C2
```

मोजलेले किलो वजा वहीतले किलो. उणे आलं तर तूट. `VLOOKUP` इथं घात करतं, कारण एकच लॉट दोन थप्प्यांत असला तर ते पहिली थप्पी सापडली की थांबतं आणि उरलेला माल तूट म्हणून दिसतो. `SUMIFS` दोन्ही थप्प्या धरतं. पण त्याचीही एक खोड आहे. कागदावर लॉट नसलाच तरी ते शून्य धरतं. मोजून शून्य निघालं आणि मोजायचंच राहिलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून लॉट कागदावर किती वेळा आलाय हे ताई शेजारच्या खान्यात `COUNTIFS` नं बघतात. मग उलटीकडूनही: कागदावर आहे पण वहीत नाही, असं काही?

त्या ८ पैकी असं एक निघालं. लॉट ३८, पोती ६०.

सकाळी ११.१०
फाटकावरचं आवक रजिस्टर. काल दुपारी ३.४० ला गाडी आत आली, ६० पोती उतरली, काटापावती त्याच वेळेची. बिल आज सकाळी टेबलावर पडलंय. माल काल मोजला गेला, नोंद अजून झालीच नाही. नोंद करायची ती ३१ मार्चची. १ एप्रिलची केली तर वर्षाच्या साठ्यात माल येईल आणि खरेदीत येणार नाही. ताई कारणाच्या खान्यात रजिस्टरचं पान आणि पावतीचा नंबर लिहितात. नुसतं 'नोंद राहिली' असं त्या कधी लिहीत नाहीत.

११.३५
लॉट ३१. वहीत ८४ पोती, कागदावर ४८. फरक ३६. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ नं भाग जातो. ३६ ला जातो. कागदाच्या कडेला मोजणाऱ्यानं पेन्सिलीनं १२ × ७ लिहिलंय. खाली १२ पोती, असे ७ थर. म्हणजे ८४.

दुसरा कोणी असता तर तिथंच खोडून ८४ केलं असतं. ताई उठतात.

"तात्या, एकतीसची थप्पी परत मोजायची हाय."

"काल मोजली की वो ताई."

"मोजली बरोबर. लिवताना चुकलंय. तुमची सही पायजे."

मुकादम तात्या कुरकुरत येतात. ७ थर, प्रत्येकी १२. जुन्या आकड्यावर एक रेघ, शेजारी नवा, दोन सह्या. लॉट ३१ यादीतून गेला, पण कागद फाइलमध्ये राहिला.

दुपारी १.००
जेवण बाहेरच्या कट्ट्यावर. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. चाळणीवरच्या बायका डोक्याची फडकी झटकून शेजारी येऊन बसतात. ताईंचं अर्धं काम इथं होतं.

लॉट २२ मध्ये २६ पोती कमी आहेत. लॉट २७ मध्ये २५ जास्त. सकाळी साहेब जाता जाता म्हणाले होते, "एकमेकांत वळते करा, एकच तर पोतं राहतंय." ताई 'बघते' म्हणाल्या.

"आक्का, बावीसचा माल कवा चाळला वो?"

"शिमग्याच्या आदल्या आठवड्यात न्हवं का. सत्तावीसमधी मिसळला की. चिठ्ठी त्या पोरानं कराय पायजे हुती."

दुपारी १.४५
हजेरीवही. त्या आठवड्यात दोन दिवस ८ बायकांची मजुरी, पुढं 'चाळण, २२'. मजुरी दिली म्हणजे काम झालं. यापेक्षा सरळ पुरावा वखारीत मिळत नाही. कोपऱ्यात नंबर नसलेलं एक पोतं उभं आहे, भुकटी आणि काडीचं. २६ पोती फोडली, २५ भरली, एक भुकटीत गेलं. पोती जुळली.

पैसे जुळत नाहीत. २२ चा माल २७ पेक्षा किलोला १८ रुपयांनी महाग घेतलेला. २५ पोती, ४० किलोची, म्हणजे १,००० किलो आणि १८,००० रुपयांचा फरक. वळते केले असते तर हा आकडा कुणाला दिसलाच नसता. यादीत दोन्ही ओळी वेगवेगळ्या राहतात, मिसळीची चिठ्ठी आजच्या तारखेनं आणि उशीर का झाला हे लिहून.

दुपारी ३.००
चहा, १० रुपये. आता राहिले चार लॉट: ५, ९, ११, १२. चारींत पोती बरोबर, किलो कमी.

तंबाखू हवेतलं पाणी ओढतो आणि सोडतो. हा माल जुलैत, पावसात आलेला. तेव्हाचं वजन ओलं, मार्चचं वाळलेलं. लॉट ९ बघा. १५० पोती, वहीत ६,१५० किलो, म्हणजे पोत्याला ४१. कालची सरासरी ३९.३६. एकूण ५,९०४. तूट २४६ किलो, बरोबर ४ टक्के. लॉट ५ ची ३.७ टक्के, १२ ची ४.२. तिन्ही एकाच महिन्यातले, एकाच पत्र्याखालचे, शिलाई मूळची. ही सुकवण. शेजाऱ्यांचे टक्के जवळपास सारखे येणं हीच तिची ओळख. १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्राची अबकारी होती, तेव्हा असल्या तुटीचा हिशेब सरकारलाही द्यावा लागे. आता तो मालकाला आणि ऑडिटरला द्यायचा.

लॉट ११ मात्र वेगळा. १०० पोती, वहीत ४,१००, मोजणीत ३,७३१. तूट ३६९ किलो, ९ टक्के. महिना तोच, रांग तीच. चार टक्के हवेनं नेले म्हटलं तरी वर २०५ किलो उरतात. ओल्या वजनाची पाच पोती.

ताई थप्पीपाशी जाऊन उभ्या राहतात. वजनाची १० पोती वरची होती का? नाही, वर, मधे आणि खाली अशी तिन्ही थरांतली. पोत्यांचं वजन खरेदीत बारदानासकट आणि काल बारदान सोडून धरलं का? नाही, दोन्हीकडं बारदान वजा. शिलाईवर हात फिरवून बघतात. पुढच्या रांगेची शिलाई ठीक आहे. मागची रांग भिंतीला टेकलेली, तिथं हात पोचत नाही.

संध्याकाळी ५.१०
साहेबांची केबिन. यादी एका पानाची, ७ ओळी. लॉट, वहीतला आकडा, मोजलेला, फरक, टक्के, रुपये, कारण, पुरावा. मोठा फरक वर.

साहेब शांतपणे वाचतात. ११ वर बोट थांबतं.

"ताई, इथं कारण मोकळं ठेवलंय?"

"सापडलं नाही, साहेब."

"सुकवण लिहा की. बाकीच्यांना लिहिलीय तशी."

"त्या तीन ओळींना शेजारच्या लॉटचा आधार आहे. अकराला तोच आधार उलटा जातोय. उद्या ऑडिटरनी टक्के विचारले तर काय सांगू?"

साहेब पेन फिरवतात. नुसता मानाचा प्रश्न नाही हा. जीएसटीत हरवलेल्या, चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, आपसूक वाळलेल्याची गोष्ट वेगळी. कारणाच्या खान्यातल्या एका शब्दाला पैशात किंमत आहे. त्यांनाही ते कळतं.

"मग काय करायचं म्हणता?"

"शंभरच्या शंभर पोती काट्यावर घ्यायची. मागच्या रांगेपासून."

"हमाली?"

"पोत्याला सहा रुपये. उतरवून, तोलून, परत थप्पी लावून."

६०० रुपये. साहेब तात्यांना हाक मारतात.

संध्याकाळी ६.०५
यादीवर साहेबांची सही झाली. ७ ओळींपैकी ६ ना कारण आणि पुरावा आहे. लॉट ११ समोर लिहिलंय: 'कारण अनिश्चित. २ एप्रिल, सकाळी ७ वाजता पूर्ण वजन.' ते वजन होईपर्यंत टॅलीत `Physical Stock` ची नोंद करायची नाही, असं साहेबांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.