भावाच्या उसनवारीलाही कागद हवा

पैठण तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाला पेरणीसाठी दहा महिन्यांकरिता 50,000 रुपये हवेत, असं धरू. सावकाराने शेकडा पाच महिना लावला, तर 25,000 व्याज जातं आणि मुद्दल तसंच उरतं. बचत गटात शेकडा दोनने, दरमहा 5,000 मुद्दल फेडत 5,500 व्याज होतं, तेही गटातच राहतं. बँकेत तशाच फेडीने वार्षिक 12 टक्क्यांनी 2,750, पण कागदपत्रांपायी पेरणी हुकू शकते. मग पावलं भावाकडे वळतात.

तिथे लिहून मागणं अविश्वासाचं वाटतं. पण रक्कम, तारीख, मुदत आणि दोघांच्या सह्या असल्या, तर उद्या वारसांतही वादाची शक्यता कमी होते. मुदत ठरलीच नसेल, तर दावा सामान्यतः पैसे दिल्यापासून तीन वर्षांतच करता येतो. ती तीन वर्षं संपण्याआधी घेणाऱ्याने सहीनिशी कर्ज कबूल केलं, तर ही वर्षं नव्याने मोजतात.