ऑप्शन चेनमधला भाव आणि नुसता आकडा

ऑप्शन चेन म्हणजे एकाच मुदतीचे सगळे स्ट्राइक एकाखाली एक मांडलेला तक्ता. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या म्हणजे एनएसईच्या संकेतस्थळावर निफ्टीची चेन उघडली, की मधोमध स्ट्राइकचा स्तंभ दिसतो, डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट. प्रत्येक बाजूला तीन वेगवेगळे भाव असतात. `BID` हा खरेदीदार देऊ करत असलेला सर्वांत वरचा भाव, `ASK` हा विक्रेता मागत असलेला सर्वांत खालचा भाव आणि `LTP` हा शेवटचा सौदा झाला तो भाव. पहिले दोन या क्षणाचे असतात. तिसरा कधीचा आहे, ते तक्ता सांगत नाही. पण तिन्ही आकडे एकाच आकारात, शेजारीशेजारी छापलेले असल्याने ते सारख्याच विश्वासाचे वाटतात आणि विश्लेषणातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चेन फाइल म्हणून उतरवली की पहिली अडचण अगदी साधी असते. जिथे भाव नाही तिथे `-` असतो आणि हजारांच्या आकड्यांत स्वल्पविराम असतो, त्यामुळे `1,495.00` हा संगणकाला मजकूर वाटतो. त्यातून कॉल आणि पुट एकाच ओळीत असल्याने स्तंभांची नावे दोनदा येतात. म्हणून आधी प्रत्येक कॉलची एक आणि प्रत्येक पुटची एक अशा स्वतंत्र ओळी करून घ्याव्यात. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवावी.

यानंतरची पायरी शून्यांची, आणि ती पहिलीच असायला हवी. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये भाव ५ पैशांच्या टप्प्याने बदलतो, म्हणजे लहानात लहान भाव ०.०५ रुपये. शून्य रुपयांची बोली कोणी लावूच शकत नाही. तेव्हा `BID` मध्ये दिसणारे शून्य हा भाव नव्हे. त्या क्षणी एकही खरेदीदार रांगेत नव्हता, एवढीच माहिती त्यात आहे. `ASK` मधल्या शून्याचेही तेच. तिथे विक्रेता नाही. हे शून्य आकडा म्हणून तसेच राहिले, तर पुढची प्रत्येक तपासणी बिघडते. समजा एका कॉलला बिड १२ आणि आस्क ० आहे. यांत्रिकपणे तुलना केली तर बिड आस्कपेक्षा मोठा निघतो आणि ही ओळ ‘क्रॉस्ड कोट’ ठरते. खरे तर तिथे फक्त विक्रेता गैरहजर आहे. म्हणून आधी शून्याचे रिकाम्या जागेत रूपांतर आणि मगच तुलना, हा क्रम उलटा करून चालत नाही.

```python
df = pd.read_csv("chain.csv", thousands=",",
                 na_values="-")
q = ["BID", "ASK", "LTP"]
df[q] = df[q].replace(0, np.nan)
df["no_bid"] = df["BID"].isna()
df["crossed"] = df["BID"] > df["ASK"]
df["mid"] = (df["BID"] + df["ASK"]) / 2
df.loc[df["crossed"], "mid"] = np.nan
```

रिकामी जागा आली की तुलना आपोआप खोटी ठरते आणि मध्यभावही रिकामाच राहतो. इथे एकही ओळ खोडलेली नाही, फक्त खूण केलेली आहे. हे मुद्दाम केलेले बरे, कारण कोणती ओळ का बाजूला ठेवली हे नंतर तपासावे लागतेच.

बिड नसणे याचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. मुदत संपण्याच्या दिवशी दुपारी निफ्टी २४,००० वर आहे अशी कल्पना करू. २४,६०० च्या कॉलला बिड ०.०५ आणि आस्क ०.१० आहे. त्यापुढे २४,६५०, २४,७००, २४,७५० या तिन्ही कॉलना बिड नाही, आस्क मात्र ०.०५. येथे बाजार स्पष्ट बोलतो आहे, की या कॉलची किंमत शून्य ते ५ पैसे यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. म्हणजे आपल्याला वरची मर्यादा मिळाली, किंमत मिळाली नाही. बिड शून्य धरून मध्यभाव काढला तर तिन्ही स्ट्राइकना अडीच पैसे येतात. आता स्ट्राइक दूर जातो आहे आणि भाव मात्र घटत नाही, तेव्हा त्या भावातून काढलेली इम्प्लाइड व्होलॅटिलिटी प्रत्येक स्ट्राइकला वाढतच जाणार. आलेखाचे टोक सुंदर वळण घेऊन वर जाते, आणि दूरच्या उसळीची भीती बाजारात वाढली आहे असा निष्कर्ष कोणीतरी काढतो. प्रत्यक्षात ते वळण ५ पैशांच्या टप्प्याने घडवलेले आहे.

खोल इन द मनी कॉलला बिड नसेल तर अर्थ अगदी वेगळा. २२,००० चा कॉल २४,००० च्या निफ्टीवर फुकट असूच शकत नाही. तिथे सौदे करणारे लोक कमी असतात, एवढेच. अशा ओळीत स्वतःची किंमत शोधत बसण्यापेक्षा त्याच स्ट्राइकच्या पुटकडे जावे, कारण तो आउट ऑफ द मनी असतो आणि त्यात बहुधा जास्त उलाढाल असते.

व्होलॅटिलिटीचे निर्देशांक काढणाऱ्यांनी या प्रश्नाला ठरीव उत्तरे दिली आहेत. शिकागोतल्या सीबोच्या व्हिक्स निर्देशांकात बिड नसलेले ऑप्शन वगळतात. मध्यापासून बाहेर जाताना लागोपाठ दोन स्ट्राइकना बिड नसेल, तर त्यापलीकडचा एकही स्ट्राइक घेत नाहीत, मग पुढे एखाद्याला बिड असली तरी. हा नियम कडक वाटतो, पण योग्य आहे. ओसाड पट्ट्याच्या पलीकडे दिसणारी एकटी बोली बहुधा कोणाचीतरी विसरलेली ऑर्डर असते.

क्रॉस्ड कोट म्हणजे बिड आस्कपेक्षा वर असणे. खरेदीदार १०५ द्यायला तयार आहे आणि विक्रेता १०२ मागतो आहे, असे दाखवणारी ओळ. एनएसईसारख्या एकाच बाजारात सततच्या व्यवहाराच्या वेळेत ही स्थिती टिकू शकत नाही. किंमत आणि वेळ यांच्या अग्रक्रमाने ऑर्डरी जुळवणारे यंत्र अशा दोघांचा सौदा ताबडतोब लावून टाकते. म्हणून निफ्टीच्या नोंदींत क्रॉस्ड कोट दिसला, तर दोष बाजारात नसून नोंदीत आहे असे मानावे. बहुतेक वेळा बिड एका क्षणाचा आणि आस्क दुसऱ्या क्षणाचा टिपला गेलेला असतो, किंवा मधला एखादा संदेश हरवलेला असतो. अमेरिकेत चित्र निराळे आहे. तिथे एकच ऑप्शन डझनाहून अधिक बाजारांत चालतो. सर्वोत्तम बिड एका बाजारातला आणि सर्वोत्तम आस्क दुसऱ्यातला असू शकतो, त्यामुळे क्षणभरासाठी खरोखरच भाव ओलांडले जाऊ शकतात.

दोष कुठला, हे अशा ओळी कशा विखुरल्या आहेत त्यावरून कळते. एकाच मिनिटातल्या पुष्कळ स्ट्राइकना तो असेल तर त्या वेळची संपूर्ण नोंद संशयास्पद आहे. दिवसभर जवळजवळ प्रत्येक ओळीत असेल तर स्तंभांची अदलाबदल झालेली आहे. एखाददुसऱ्या स्ट्राइकपुरता असेल तर ती ओळ सोडून द्यावी. बिड आणि आस्क यांची जागा बदलून ओळ ‘दुरुस्त’ करण्याचा मोह फार होतो. दोन्हींची सरासरीही १०३.५० अशी पटण्याजोगी दिसते. पण दोघांपैकी किमान एक आकडा जुना आहे आणि तो कोणता हे त्या ओळीत लिहिलेले नाही. जुन्या आणि नव्या भावाची सरासरी कोणत्याही क्षणाची किंमत नसते.

सर्वांत फसवा आकडा शेवटच्या भावाचा, कारण तो खराच असतो. तो सौदा झालेला असतो, फक्त कधी, ते ठाऊक नसते. एक उदाहरण आकड्यांसह पाहू. सकाळी निफ्टी फ्युचर २४,१४० च्या आसपास असताना त्याच मुदतीच्या २२,५०० च्या कॉलमध्ये १,६४० ला सौदा झाला. त्यानंतर दिवसभर तिथे कोणी फिरकले नाही. दुपारी फ्युचर २४,००० वर आहे, मुदतीला २० दिवस उरले आहेत. चेनमध्ये `LTP` अजून १,६४० च आहे. बिड १,४९० आणि आस्क १,५३०, म्हणजे मध्यभाव १,५१०. याच स्ट्राइकच्या पुटचा मध्यभाव १२ आहे.

यांतले कोण खरे, हे पुट-कॉल पॅरिटीने तपासता येते. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, मुदतीआधी वापरता येत नाहीत. त्यामुळे कॉल वजा पुट हा फरक फ्युचर वजा स्ट्राइक या रकमेच्या आजच्या मूल्याइतका असायला हवा:

`C − P = (F − K) · e^(−rT)`

फ्युचर वजा स्ट्राइक १,५०० होतात. साडेसहा टक्के व्याजाने २० दिवसांची सूट सुमारे ०.३६ टक्के, म्हणजे आजचे मूल्य साधारण १,४९५. त्यात पुटचे १२ मिळवले की कॉलची किंमत १,५०७ येते. मध्यभावापासून हे अंतर ३ रुपये, शेवटच्या भावापासून १३३. हाच फरक व्होलॅटिलिटीत मांडला तर अधिक बोचतो. १२ रुपयांच्या पुटमधून ती सुमारे १५ टक्के निघते, १,६४० च्या कॉलमधून सुमारे २९ टक्के. एकाच स्ट्राइकची, एकाच मुदतीची व्होलॅटिलिटी जवळपास दुप्पट दिसते.

या तपासणीत निफ्टीचा हजर आकडा न घेता त्याच मुदतीचा फ्युचर घ्यावा लागतो. साप्ताहिक मुदतीला स्वतःचा फ्युचर नसतो, तेव्हा मध्यावरच्या कॉल-पुट जोडीच्या मध्यभावांतून तेच सूत्र उलटे फिरवून `F` काढावा.

शिळा भाव ओळखायला याहून सोप्या खुणाही आहेत. शेवटचा भाव आताच्या बिड आणि आस्क यांच्या बाहेर असेल, तर सहसा तो जुना आहे. आत असेल तर ताजेपणा सिद्ध होत नाही, पण मध्यभाव वापरला की ते महत्त्वाचेही उरत नाही. चेन ठरावीक अंतराने साठवत असल्यास दोन नोंदींमधला `VOLUME` ताडून पाहावा. तो बदलला नसेल, तर मधल्या काळात सौदा झालेला नाही आणि `LTP` किमान तेवढा जुना आहे. दिवसअखेरीच्या भावकॉपीत हा सापळा आणखी मोठा असतो. तिथे दिवसभरात एकही सौदा न झालेल्या ऑप्शनच्या ओळीतही बंद भाव म्हणून आकडा असतो. सौद्यांची संख्या शून्य असलेल्या या ओळी गाळल्याशिवाय बंद भावांवर काहीही उभे करू नये.

मध्यभाव चांगला असला तरी तो दोन टोकांतल्या अंतराइतकाच भरवशाचा. इंडिया व्हिक्स काढताना एनएसई बिड-आस्कमधले अंतर मध्यभावाच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर तो भाव वापरण्याजोगा मानत नाही. घरच्या विश्लेषणातही अशी मर्यादा ठेवावी, मात्र दोनचार रुपयांच्या ऑप्शनला थोडी सैल, कारण तिथे थोड्या टप्प्यांचे अंतरही टक्क्यांत मोठे दिसते.

शेवटी काय उरले तेवढेच न पाहता काय गेले तेही स्ट्राइकनुसार मोजावे. वरच्या सगळ्या चाळण्या मध्याजवळच्या फार थोड्या ओळी काढतात आणि दूरच्या टोकांच्या पुष्कळ. शांत दिवशी टोके आखूड होतात, घाबरलेल्या दिवशी दूरच्या पुटनाही बिड येते आणि टोके लांबतात. दोन दिवसांच्या आलेखांची तुलना करायची असेल, तर दोन्ही दिवशी टिकलेल्या स्ट्राइकच्या पट्ट्यापुरतीच करावी. नाहीतर व्होलॅटिलिटीत दिसणारा बदल हा ओळींच्या संख्येतला बदल असू शकतो.