रविवारचा सव्वा तास

माझ्या आतेभावाने आमच्या मांद्र्यात घरोघरी जाऊन चारचाकी नि दुचाक्या धुऊन द्यायचा धंदा सुरू केला. "दादा, तू शिकलेला, फलकासाठी दोन ओळी लिहून दे," म्हणाला. कोड लिहिणाऱ्याला घोषवाक्यं कुठली जमायला! तरी लिहिलं, "तुमचा वेळ, आमची मेहनत." तो खूश झाला. बायकोने मात्र वाचून विचारलं, "वेळ म्हणजे किती? आणि कोणाचा?"

मग पुढच्या रविवारी मी घड्याळ लावून गाडी नि स्कूटर धुतली. पाइप, बादल्या काढणं आणि नंतर आवरणं पंधरा मिनिटं, गाडी चाळीस, स्कूटर वीस. झाला सव्वा तास. धुलाई केंद्रावर नेली असती तर जाणं-येणं वीस मिनिटं, वर तिथे बाकावर बसणं, आणि स्कूटरसाठी पुन्हा वेगळी फेरी. म्हणजे वेळ खरा वाचतो तो दारात येऊन धुतल्यानेच. तेव्हा ओळ बदलली: "रविवारचा सव्वा तास तुमचा. गाड्या दारात धुतो."

आतेभावाला हवं होतं, "वीस मिनिटांत चकाचक!" ऐकायला छान, पण आपल्याकडची तांबडी धूळ तसं करू देत नाही. आधी भरपूर पाणी मारून ती सुटू द्यावी लागते. घाईत तसाच फडका फिरवला तर बारीक खडे रंगावर घासतात आणि उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. साबणाचा फेस मळ सुटेपर्यंत थोडा वेळ ठेवायचा, पण वाळू द्यायचा नाही. भर दुपारी तो लगेच वाळतो आणि डाग राहतात. शिवाय समुद्राजवळच्या घरांतल्या गाड्यांना खारा वारा लागतो, म्हणून खालची बाजूही धुवायला हवी. वीस मिनिटांचं वचन दिलं की पोरं नेमकी हीच कामं गाळणार.

दोघे मिळून केलं तर एका घरच्या दोन्ही गाड्या तासाभरात होतात. त्यातून तिसरी ओळ निघाली: "सहाला येतो, सातला जातो." चालत्या स्कूटरवरूनही वाचता येते. मोपा विमानतळावर ड्युटीला जाणाऱ्या एका ताईंनी ती वाचूनच फोन केला. पण एकदा पोरं पावणेसातला पोचली आणि ताई अर्धी ओली गाडी घेऊन निघाल्या. गाडी थोडी मळकी राहिली असती तर त्या कदाचित काही बोलल्याही नसत्या. त्या दिवशी आतेभावाने पैसे घेतले नाहीत.

आता चवथ जवळ आलीय. सहाच्या वेळेला चार घरांनी नाव दिलंय आणि पोरं दोनच. फलकावरचं "सहाला" खोडून "सकाळी" करू का, असं तो विचारतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.