कुंडीतली अबोली का रुसते?

अबोलीचा तुरा फांदीच्या टोकाकडे येतो, त्यामुळे जितके शेंडे तितके तुरे. सावलीतल्या गॅलरीत झाड उंच, किडकिडीत वाढते आणि एखादाच तुरा धरते. त्याला सकाळचे तीन-चार तास ऊन हवे. पानगळीचे कारण बहुधा पाण्यात असते. खालची पाने पिवळी पडून गळत असतील आणि माती ओलीच असेल, तर मुळे कुजू लागली आहेत; पाने आधी मलूल होऊन गळली, तर पाणी कमी पडले. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागल्यावरच पाणी घालावे. किडकिडीत झाड उन्हात सरावले की प्रत्येक शेंडा दोन पाने ठेवून वरून खुडावा. तिथून सहसा दोन फांद्या फुटतात, मात्र फुले काही आठवडे लांबतात. सुकलेले तुरेही काढावेत. राहिले तर झाडाची ताकद बियांत जाते.