मार्चचा दाखला कुणाच्या कामाचा?
(विम्याची वही : वार्षिक हिशेबाचा भाग)

मार्च लागला की चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडच्या माझ्या ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि त्यातल्या निम्म्यांचं मागणं एकच असतं : "सर, टॅक्ससाठीचा दाखला पाठवा." दाखला म्हणजे वर्षभरात भरलेल्या हप्त्यांचं एकत्रित प्रमाणपत्र. एलआयसीच्या संकेतस्थळावर पॉलिसी नोंदवलेली असेल तर ते घरबसल्या निघतं, नसेल तर शाखेत मिळतं. ते मी सगळ्यांना देणारच आहे. पण यंदा, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षासाठी, त्या कागदानं तुमचा कर वाचणार आहे का, हे आधी पाहू. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर "नाही" असं येतं. एजंटानं हे सांगावं का, असं कुणी विचारेल. मला वाटतं त्यानंच सांगावं, कारण "मार्चच्या आत एक पॉलिसी घेऊन टाका, टॅक्स वाचेल" हे वाक्य वर्षानुवर्षं आमच्याच तोंडून बाहेर पडलं आहे.

जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींचा हिशेब नमुना म्हणून मांडतो. नोकरी २००५ च्या नोव्हेंबरनंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही, पगारातून एनपीएस कापली जाते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ८०,००० रुपये धरू. त्याच्या दहा टक्क्यांनी वर्षाची कपात होते ९६,०००. घरभाडे भत्ता वगैरे मिळवून वर्षाचा पगार १०,५०,०००. राहतात स्वतःच्या घरात, गृहकर्ज नाही. विम्याचे हप्ते असे : स्वतःच्या पॉलिसीचे पगारातून कापले जाणारे २४,०००, पत्नीच्या पॉलिसीचे १८,०००, लग्न झालेल्या मुलीच्या पॉलिसीचे १२,००० आणि वडिलांच्या पॉलिसीचे १५,०००. शिवाय डिसेंबरात कुणीतरी गळ घातली म्हणून एकरकमी हप्त्याची एक पॉलिसी घेतली, त्यात एक लाख गेले. सगळे दाखले एकत्र केले तर बेरीज येते १,६९,०००. गुरुजी खुश, कारण ८०सी कलमाची मर्यादा दीड लाख आणि त्यांच्या मते ती एकट्या विम्यानंच भरली.

आता जुन्या करपद्धतीनं बघू. मुलगी सासरी गेली, तिचा संसार वेगळा, तरी तिचा हप्ता वडिलांनी भरला असेल तर तो ८०सी खाली चालतो. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अपत्यं एवढीच नाती कायद्यानं धरली आहेत, त्यात अपत्य अवलंबून असलंच पाहिजे अशी अट नाही. आईवडील मात्र या यादीत नाहीत. वडिलांच्या जीवन विम्याचे १५,००० रुपये गुरुजींनी स्वतःच्या खात्यातून भरले असले तरी त्यांची वजावट शून्य. गंमत अशी की त्याच वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरला असता तर तो ८०डी मध्ये चालला असता आणि वडील साठीपुढचे असतील तर ५०,००० पर्यंत. फक्त तो रोखीत भरून चालत नाही.

राहिली ती लाखाची पॉलिसी. एकरकमी हप्ता एक लाख, विमा रक्कम सव्वा लाख. १ एप्रिल २०१२ नंतर घेतलेल्या पॉलिसीत एका वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतच वजावटीला पात्र असतो. सव्वा लाखाचे दहा टक्के म्हणजे १२,५००. उरलेले ८७,५०० वजावटीच्या दृष्टीनं नाहीतच. त्याआधीच्या, म्हणजे ३१ मार्च २०१२ पर्यंतच्या पॉलिसींना ही मर्यादा वीस टक्के होती, म्हणून जुन्या ग्राहकांना हा प्रश्न सहसा पडत नाही. इथे विमा रक्कम म्हणजे मृत्यू झाल्यास किमान मिळण्याची हमी असलेली रक्कम. बोनस त्यात धरायचा नाही. ती बॉण्डवर छापलेली असते, हप्त्याच्या दाखल्यावर मात्र ती शोधू नका. दाखला फक्त भरलेला पैसा सांगतो. किती पैसा वजावटीला चालेल हे बॉण्ड आणि दाखला शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा पात्र हप्ते किती? २४, १८ आणि १२ हजार मिळून ५४,०००, अधिक एकरकमीचे १२,५००. त्यात एनपीएसचे ९६,००० मिळवा. ९६ आणि ५४ हजारांतच दीड लाख पुरे होतात! म्हणजे डिसेंबरात घातलेल्या लाख रुपयांनी या दीड लाखाच्या मर्यादेतल्या करबचतीत एक रुपयाचीही भर घातली नाही. ती पॉलिसी घेतली नसती तरी ही वजावट तेवढीच राहिली असती.

पुढे जाऊ. जुन्या पद्धतीनं गुरुजींच्या पगारातून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि ८०सी चे १,५०,००० गेले की उरतात ८,४७,५००. त्यावर कर ८२,००० आणि चार टक्के उपकर मिळवून ८५,२८०. नव्या पद्धतीत ८०सी नाही, ८०डी नाही, व्यवसाय करही वजा होत नाही. फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि उरतात ९,७५,०००. पण यंदापासून नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर ८७ए ची सवलत सगळा कर खाऊन टाकते. गुरुजींचा कर शून्य. पाच पॉलिसींचे दाखले जमवून ८५ हजार भरायचे की एकही दाखला न दाखवता काहीच भरायचं नाही, असा हा सरळ सामना आहे.

पगार जास्त असला की चित्र बदलतं असं म्हणतात. बदलतं, पण फार नाही. वर्षाला सोळा लाख पगार असणाऱ्याला नव्या पद्धतीत १,१३,१०० कर बसतो. जुनी पद्धत त्याहून स्वस्त पडायला प्रमाणित वजावटीखेरीज ५,६८,७५० रुपयांहून जास्त वजावटी आणि सूट लागतात. दीड लाख ८०सी चे, दोन लाख गृहकर्जाच्या व्याजाचे, आरोग्य विम्याचे काही हजार आणि वर भाड्याच्या घराची मोठी सूट, असं सगळं जुळलं तरच ते शक्य आहे. आपल्या जिल्ह्यात असे लोक आहेत, पण माझ्या वहीत ते मोजकेच. शेतकऱ्यांचा तर प्रश्नच वेगळा. ज्याचं सगळं उत्पन्न सोयाबीन आणि कपाशीचं आहे त्याला आयकरच नाही, मग त्याला "टॅक्स वाचतो" म्हणून पॉलिसी विकणं म्हणजे कोरड्या विहिरीला मोटार बसवणं.

नोकरदाराला पद्धत बदलायची असेल तर ती दरवर्षी विवरणपत्र भरताना बदलता येते, पण जुनी निवडायची तर मुदतीच्या आत. कार्यालयानं जुन्या पद्धतीनं कर कापला असेल तर नव्या पद्धतीचं विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. दुकानदार, डॉक्टर अशा व्यवसायवाल्यांना मात्र जुनी पद्धत हवी तर आधी 10-IEA हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

मग दाखला टाकून द्यायचा? मुळीच नाही. कराच्या वजावटीपेक्षा तो पुढच्या दोन गोष्टींसाठी जास्त लागतो.

पहिली गोष्ट त्या लाखाच्या पॉलिसीचीच. हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त असल्यामुळे मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम करमुक्त राहत नाही. (मुदतीत मृत्यू झाला तर वारसाला मिळणारी रक्कम मात्र करमुक्तच असते.) समजा मुदतीअखेर १,८०,००० हाती आले. करपात्र धरायचे ते त्यातून भरलेले एक लाख वजा करून उरणारे ८०,०००, आणि विमा कंपनी त्यावर दोन टक्के, म्हणजे १,६०० रुपये, टीडीएस कापते. पॅन जोडलेला नसेल तर तीच कपात वीस टक्क्यांनी होते. भरलेला लाख दाखवायला पावती हवी. दहा-पंधरा वर्षांनी शाखा बदललेली असते, एजंट निवृत्त झालेला असतो, तेव्हा घरातली फाईलच कामाला येते. म्हणून विवरणपत्राचे इतर कागद पाच-सहा वर्षं ठेवले तरी चालतील, पण हप्त्यांचे दाखले आणि बॉण्ड पॉलिसी संपेपर्यंत ठेवा.

दुसरी गोष्ट पगारातून हप्ता जाणाऱ्यांची. पगार बचत योजनेत हप्ता तुमच्या पगारातून कापतं कार्यालय, आणि तो विमा महामंडळाकडे पाठवतंही तेच. कधी यादीत नाव सुटतं, कधी बदलीच्या महिन्यात कपात होते पण रक्कम पोहोचत नाही. याला आमच्या भाषेत गॅप म्हणतात. पगारपत्रकावर बारा कपाती आणि दाखल्यावर दहाच हप्ते असतील तर गॅप आहे हे समजा, आणि दाखल्याची हीच खरी उपयुक्तता आहे. गॅप कळला की पगारपत्रकाची प्रत जोडून कार्यालय आणि शाखा दोघांना लेखी कळवा. अशाच एका प्रकरणात दिल्ली वीजपुरवठा उपक्रमातल्या कर्मचाऱ्याचा हप्ता कार्यालयानं महामंडळाकडे पाठवलाच नव्हता. पॉलिसी बंद पडली म्हणून पत्नीचा दावा नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं की या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो, त्याच्या चुकीचं खापर विधवेवर फोडता येणार नाही. न्याय मिळाला, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. तेव्हा पगारपत्रकं जपा, विशेषतः बदलीच्या वर्षातली.

ज्यांना जुनीच पद्धत परवडते त्यांच्यासाठी आणखी थोडं. गेल्या वर्षीपासून विवरणपत्रात ८०सी ची नुसती रक्कम लिहून भागत नाही, पॉलिसी क्रमांकही टाकावा लागतो. आरोग्य विम्यासाठी कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक द्यावा लागतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्यानं महाराष्ट्रासह अनेक राज्यांत खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्यांवर एकाच वेळी कारवाई केली, त्यात ८०डी चे दावेही होते. "अमुक इतका परतावा काढून देतो" म्हणणाऱ्याला विवरणपत्र देऊ नका. सही तुमची असते.

वजावट ठरते ती हप्ता कधी देय होता यावर नाही, तर कधी भरला यावर. मार्चमधला हप्ता सवलतीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलमध्ये भरलात तर तो पुढच्या वर्षात गेला. उशिराचं व्याज वजावटीत येत नाही. यंदाच्या पावत्यांमध्ये एक फरक दिसेल : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे वर्षाच्या पहिल्या सहामाहीची आणि दुसऱ्या सहामाहीची पावती सारखी नसेल. ते चुकलेलं नाही. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात ८०सी च्या जागी कलम १२३ आलं आहे. दीड लाखाची मर्यादा तीच आहे. जुलैमध्ये जे विवरणपत्र भराल ते मात्र १९६१ च्याच कायद्याखाली, म्हणून यंदा फॉर्मवर ८०सी च शोधा.